ओटा, खिडकी, पलंग, फरशी

आमच्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, ती लांबीला तीन फरश्या आणि रुंदीला दीड फरशी. फरशी दोन बाय दोनची. म्हणजे सहा फूट बाय तीन फूट, एक माणूस आडवा होईल आणि कूस बदलताना कपाटाला कोपर लागेल एवढी. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला भोक पाडायचं नाही हे कलम आहे, आणि खाली राहणाऱ्या आजींना उड्यांचा आवाज चालत नाही. वजनं आणावीत तर ठेवायची कुठे? तेव्हा गेलं दीड वर्ष जे काही चाललं आहे ते अंगाच्या वजनावर.

अंगाच्या वजनाचा व्यायाम म्हटला की आपल्याकडे जोर आणि बैठका आठवतात, आणि लगेच आकडा आठवतो. किती काढतोस? पन्नास? शंभर? बहुतेकांची गाडी इथेच चुकीच्या रुळावर जाते. आठ पुश-अपचे वीस झाले तोवर ताकद वाढत असते. विसाचे साठ झाले की वाढतो तो प्रामुख्याने दम. स्नायूवर येणारा भार तोच राहिला, तो फक्त जास्त वेळ सोसायची सवय झाली. जिममध्ये माणूस अशा वेळी बारला आणखी एक थाळी लावतो. घरात थाळी नाही आणि अंगाचं वजन तर ठरलेलं. मग भार वाढवायचा कसा?

मला याचं उत्तर वजनकाट्यावर मिळालं. माझं वजन 68 किलो. एका रविवारी काटा जमिनीवर ठेवला, त्यावर दोन्ही तळहात टेकवले, पुश-अपच्या वरच्या स्थितीत ताठ राहिलो आणि बायकोला आकडा वाचायला सांगितलं. 44. म्हणजे जमिनीवरच्या पुश-अपमध्ये हातांवर अंगाचा साधारण दोनतृतीयांश भार येतो, बाकीचा पायांच्या चवड्यांवर. कोपरं वाकवून खाली गेलो तर काटा पन्नासच्या घरात गेला. मग तोच काटा घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, 84 सेंटिमीटर उंचीला, 22. हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर, 60 सेंटिमीटरला, 28. पलंगाच्या कडेवर फळी ठेवून, 45 सेंटिमीटरला, 33. बुटक्या स्टुलावर 38. आणि शेवटी हात जमिनीवर, पाय पलंगावर: 49.

हे आकडे माझ्या उंचीचे आणि माझ्या घराचे. तुमचे थोडे इकडेतिकडे होतील, आणि काटा फक्त सरळ खाली येणारा भार मोजतो, हेही खरं. पण पायऱ्या पाहा. 22, 28, 33, 38, 44, 49. दर पायरीला पाच-सहा किलो. जिमवाल्यानेसुद्धा यापेक्षा नेटक्या थाळ्या ठेवल्या नसत्या. हात जेवढे उंच तेवढा भार कमी, हात खाली आणि पाय वर गेले की भार जास्त. घरातल्या उंच्या हीच आपली वजनं.

ज्यांना जमिनीवर एकही पुश-अप येत नाही त्यांना हमखास गुडघे टेकून काढायला सांगतात. मला ते फारसं पटत नाही. गुडघे टेकले की कंबरेपासून पायांपर्यंतचा भाग खेळातून बाहेर जातो, आणि मग गुडघे उचलायची वेळ आली की पोट लोंबायला लागतं. ओट्यापासून सुरुवात केली तर पहिल्या दिवसापासून टाचेपासून डोक्यापर्यंत एक रेघ धरायची सवय लागते. ओट्याची कड टोकदार असेल तर घडी केलेला नॅपकीन टाकायचा, तळहात कडेच्या आतल्या बाजूला ठेवायचे, म्हणजे मनगट दुमडत नाही. कोपरं अंगापासून विमानाच्या पंखांसारखी काटकोनात फाकवायची नाहीत. मागच्या बाजूला तिरपी जाऊ द्यायची. छाती ओट्याला टेकेपर्यंत खाली, तीन आकडे मोजत. वर येताना मोजायची गरज नाही.

किती काढायचे आणि पायरी कधी उतरायची, याचा माझा हिशोब साधा आहे. ज्या उंचीवर सहा-सात नीट निघतात तिथे सुरुवात. तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस. तिन्ही सेटमध्ये बारा-बारा निघाले की पुढच्या वेळी खालची उंची. तिथे पहिल्या दिवशी पाच-सहाच निघतील, ते अपेक्षितच असतं. चारही निघत नसतील तर पायरी मोठी पडली असं समजायचं आणि मधली उंची तयार करायची. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा एक दोरीने बांधलेला गठ्ठा त्यासाठीच ठेवलाय. नीट निघाला नाही हे ओळखायचं कसं? कंबर आधी खाली गेली, हनुवटी पुढे काढून जमीन गाठली, किंवा शेवटच्या दोनात खांदे कानांकडे सरकले, तर तो मोजायचा नाही. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून बाजूने चित्रण केलं तर हे लगेच दिसतं, आणि थोडी लाजही वाटते.

मला ओट्यापासून जमिनीपर्यंत यायला चौदा आठवडे लागले. खिडकीच्या कट्ट्यावर पाच आठवडे अडकलो होतो, आणि त्याचं कारण ताकद नव्हतं. मी रात्री जेवल्यावर तासाभरात व्यायाम करत होतो.

जमिनीवर बारा-बारा निघाल्यावर पाय पलंगावर. तिथेही झाल्यावर पुढे काय? इथे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग येतो. परत ओट्यापाशी जायचं, पण एका हाताने. हिशोब करा. दोन हातांनी जमिनीवर 44 किलो, म्हणजे हाताला 22. ओट्यावर एकूण भार 22, आणि हात एकच. म्हणजे एका हाताचा ओटा आणि दोन हातांची जमीन, आकड्यात सारखेच. प्रत्यक्षात एका हाताचा ओटा जास्त कठीण जातो, कारण अंग मोकळ्या हाताच्या बाजूला पिळायला बघतं आणि ते पोटाच्या कडेच्या स्नायूंनी रोखावं लागतं. पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद ठेवले तर ते आवरतं. मग एका हाताने खिडकी, एका हाताने पलंग. ज्या जिन्यावरून उतरलो तोच जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून. मी सध्या एका हाताने खिडकीच्या कट्ट्यावर आहे, सात निघतात, डाव्या हाताने पाच. ओट्याचा वेळ मात्र ठरवून घ्यावा लागतो. “पोळ्या होऊ देत, मग ओटा तुझा,” हे आमच्या घरचं वेळापत्रक.

पायांचं गणित वेगळं आहे आणि थोडं सोपंही. बैठकेत अंगाचा भार दोन पायांवर वाटला जातो. जमिनीवर बसायची सवय असलेल्या माणसाला तीस-चाळीस बैठका जड जात नाहीत, म्हणून तिथे अडकायचं नाही. एका पायावर गेलं की भार जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्या उडीसाठी मध्ये एक फळी टाकावी लागते. ती म्हणजे मागचा पाय पलंगावर, पुढचा पाय दोन-अडीच फूट पुढे, आणि सरळ खाली बसायचं. मी पुढच्या पायाखाली काटा ठेवून पाहिला: 68 पैकी 56 किलो एकट्या पुढच्या पायावर. पहिल्या दिवशी भिंतीला बोटं टेकवून ठेवा, नाहीतर तोल सांभाळण्यातच सगळी शक्ती जाते आणि मांडीला काम मिळतच नाही.

मग एका पायावर खुर्चीत बसणं आणि उठणं. दुसरा पाय समोर उचललेला, हात पुढे. खुर्ची भिंतीला टेकवलेली, नाहीतर ती मागे सरकते आणि आपण खाली. खुर्चीवर आधी दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. त्यानंतर बुटकं स्टूल, मग चौरंग, मग पाट. हा जिना तर मराठी घरात आयताच मांडलेला असतो. पाटावर एका पायाने बसून उठता आलं की ते जवळजवळ पूर्ण खोल एकपायी बैठकेइतकंच झालं.

इथे फसवणूक कुठे होते ते नीट पाहण्यासारखं आहे. शेवटच्या दोन-तीन इंचांत माणूस बसत नाही, पडतो. धप्प आवाज येतो. तो आवाज म्हणजे ही उंची अजून तुमची झालेली नाही. बसताना टेकल्याचा आवाज आला नाही पाहिजे, आणि टेकल्यावर अंग पुढे झोकून न देता उठता आलं पाहिजे. दुसरी खूण गुडघ्याची. तो आत, दुसऱ्या पायाच्या दिशेला वळायला लागला की पायरी उंच करायची. गुडघा पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रोखाने जायला हवा. बोटांच्या पुढे गेला तरी चालतं, त्याची नको तेवढी धास्ती घातली जाते. टाच उचलली जात असेल तर बहुधा घोटा आखडलेला असतो. टाचेखाली इंचभर जाडीची वर्तमानपत्रांची घडी ठेवा, काम चालतं. दुसऱ्या दिवशी मांडी दुखली तर ते ठीक, पण जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीच्या खाली टोचलं आणि ते तिसऱ्या दिवशीही राहिलं, तर दोन पायऱ्या मागे. मी हे ऐकलं नाही आणि पूर्ण पाऊस लिफ्टने काढला.

मांडीच्या मागच्या बाजूला मात्र बैठकेत फारसं काम मिळत नाही. त्यासाठी गुळगुळीत फरशी हे वरदान आहे. पाठीवर झोपायचं, टाचांखाली एक कोरडा नॅपकीन, कंबर उचलायची आणि कंबर न टेकवता टाचा हळूहळू पुढे सरकवत पाय लांब करायचे. नुसतं लांब करणं, मग कंबर टेकवून पाय परत ओढून घेणं, एवढंच पहिले दोन आठवडे. पुढे कंबर वर ठेवूनच टाचा परत ओढायच्या. दिसायला पोरखेळ, पण सहा केल्यावर पायात गोळा येतो. शेवटी एका पायाने. फरशी पुसल्यासारखी होते, तो वेगळा फायदा.

आता खेचणं. भाड्याच्या घरात खरी अडचण इथे आहे, आणि बहुतेक जण ती न सोडवताच पुढे जातात. ढकलायला जमीन सगळीकडे आहे. खेचायला मात्र वर काहीतरी घट्ट लागतं, आणि घरात तसं काही नसतं. जुन्या तालमीत हा प्रश्न आला नाही, कारण जोरांच्या जोडीला दोर होता, मल्लखांब होता, हौद्यातली माती फावड्याने ओढणं होतं आणि समोर खेचाखेची करणारा जोडीदार होता. आपण तालमीतून फक्त जोर आणि बैठक उचलून फ्लॅटमध्ये आणली. मग छाती आणि खांद्याची पुढची बाजू तयार होते, दिवसभर संगणकापुढे बसून पाठ तशीही पुढे झुकलेली असतेच, आणि खांद्यांच्या पात्यांमधले स्नायू तसेच राहून जातात.

दाराच्या चौकटीत अडकवायचे बार मिळतात. त्यातला वरच्या पट्टीवर टेकणारा प्रकार आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बसतच नाही, कारण आपली चौकट भिंतीच्या पातळीत असते, त्याला टेकायला बाहेर आलेली पट्टी नसते. फिरवून घट्ट करायचा जो असतो तो चौकटीचा रंग आणि कधी लाकूडही दाबतो. डिपॉझिटचा विचार करा. खिडकीच्या ग्रीलला लटकू नका. ते अनेकदा प्लास्टरमधल्या स्क्रूंवर उभं असतं. पंख्याच्या हुकाचं तर नावच काढू नका.

मी सुरुवातीला बेडरूमच्या दाराच्या हँडलला टॉवेल अडकवून मागे झुकून खेचत होतो. अकराव्या दिवशी हँडल चार स्क्रूंसह माझ्या हातात आलं आणि मी पाठीवर. मालकांना नवीन हँडल बसवून दिलं. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हँडल हे दार उघडण्यासाठी असतं, 68 किलोच्या माणसाचा भार झेलण्यासाठी नव्हे.

जे टिकलं ते असं. जुनी, विटकी पण फाटकी नसलेली सुती डबल बेडशीट घ्यायची, लांबीत पिळून दोरासारखी करायची, दोन टोकं जुळवून मधल्या दुमडीपाशी मुठीएवढी गाठ मारायची. ही गाठ दाराच्या वरून पलीकडे टाकायची, दार बंद करायचं, कडी लावायची. दोन्ही टोकं आपल्या बाजूला लोंबतात. गाठ पलीकडे अडकते.

कोणत्या बाजूला उभं राहायचं हे सर्वांत महत्त्वाचं. दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूला. बेडरूमचं दार बहुधा बेडरूमच्या आत उघडतं, म्हणून गाठ बेडरूममध्ये आणि आपण बाहेर हॉलमध्ये. मग आपण जेवढं खेचू तेवढं दार चौकटीत अधिक घट्ट बसतं. उलट बाजूला उभे राहिलात तर सगळा भार त्या छोट्याशा कडीवर. मुख्य दार आत उघडतं, म्हणून ते जाड असूनही आतून उपयोगाचं नाही. बाथरूमचं प्लास्टिकचं दार तर नकोच. चादर बिजागरीच्या जवळच्या अर्ध्या भागात टाका, म्हणजे दार झुकत नाही. पहिल्यांदा अर्ध्या भाराने झटके न देता खेचून पाहा आणि दार, बिजागरी, गाठ या तिन्हींवर नजर ठेवा.

आणखी एक चूक सहज होते. पाय घसरायला लागले की माणूस तळवे दारालाच टेकवतो. मग वरून तो दार आपल्याकडे खेचतो आणि खालून पलीकडे ढकलतो, म्हणजे चौकटीचा जो आधार होता तोच गेला. पाय दारापासून वीतभर तरी लांब, अनवाणी, कोरड्या फरशीवर. तरी घसरत असतील तर खाली रबरी पायपुसणं.

इथली पायरी उंचीची नाही, झुकण्याची. टोकं जेवढी वर धरली तेवढं अंग उभं, जेवढी खाली धरली तेवढं मागे झुकलेलं आणि जड. मी चादरीवर मार्करने चार खुणा केल्या आहेत, वीतभर अंतराने. पहिल्या खुणेवर धरून बारा-बाराचे तीन सेट, मग दुसरी खूण. अंग जमिनीशी साधारण 45 अंशांपर्यंत झुकेल एवढं जाता येतं. खेचताना आधी खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे, मग कोपरं बरगड्यांना घासून मागे. हात कानांच्या उंचीला राहिले आणि मान आखडली तर पाठीऐवजी मानेने खेचताय. चौथ्या खुणेनंतर परत पहिलीवर, दोन्ही टोकं एका हातात घेऊन. पुन्हा तोच जिना.

चादर पकडून खेचण्यात पाठीआधी मूठ दमते. टोकांना एकेक गाठ मारली तर मुठीला टेकायला आधार मिळतो. पण कोपराच्या आतल्या बाजूला, ओला टॉवेल पिळताना किंवा भरलेली कळशी उचलताना कळ येऊ लागली, तर मुठीचा भार फार वेगाने वाढवलाय. तिथले स्नायुबंध स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात. आठवडाभर पहिल्या खुणेवर जायचं आणि सेट निम्मे करायचे.

वरून खाली खेचण्यासाठी, म्हणजे पुल-अपच्या दिशेला, फरशीचाच एक उपाय आहे. पोटावर झोपून छातीखाली टॉवेल, हात डोक्यापलीकडे लांब, तळहात फरशीवर दाबून सगळं अंग पुढे ओढायचं, हात बरगड्यांपाशी येईपर्यंत. भार फक्त घर्षणाचा, त्यामुळे हलकं आहे आणि लवकर सोपं होतं. पुल-अपची जागा ते घेत नाही. चादरीच्या जोरावर एका हाताचं खेचणं जमलं तरी स्वतःला हनुवटीपर्यंत वर उचलणं ही वेगळीच गोष्ट राहते. त्यासाठी रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांच्या खेळाच्या दांड्याला लटकतो, मुलं उठायच्या आत. आधी नुसतं लटकणं, मग स्टुलावरून हनुवटी वर ठेवून पाच आकडे मोजत खाली येणं. सोळाव्या रविवारी पहिला पूर्ण निघाला.

एक पर्याय काही जुन्या घरांत असतो, आणि तो हाताशी असलेल्याचा मला हेवा वाटतो. झोपाळ्याच्या कड्या. बांधकामाच्या वेळीच स्लॅबमध्ये घातलेल्या असतील तर त्या दोन-तीन माणसांचा हेलकावता भार वर्षानुवर्षं झेलत आलेल्या असतात. त्यात दोर ओवला की खेचण्याचा प्रश्नच मिटतो. मागाहून भोक पाडून बसवलेल्या असतील तर भरवसा नाही. कडीभोवती गंज उतरलेला किंवा प्लास्टर तडकलेलं दिसलं तर हात लावायचा नाही.

गेल्या महिन्यात करार संपला आणि घर बदलायची वेळ आली. दुसऱ्या मजल्यावरचं जुनं घर पाहायला गेलो तेव्हा माझ्या खिशात टेप होती. दलाल पार्किंगबद्दल सांगत होता, मी ओटा मोजत होतो. 81. खिडकीचा कट्टा 55, थोडा खाली, पण दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे. बेडरूमचं दार उघडून बंद करून पाहिलं, आतच उघडत होतं. मग हॉलमध्ये वर बघितलं तर छतात चार जाड कड्या, रंगाखाली बुजलेल्या.

“आधी झोपाळा होता इथे,” दलाल म्हणाला. “मालकांना सांगून कापून घेऊ, खराब दिसतात.”

“राहू द्या,” मी म्हणालो, आणि त्याच्याकडे स्टूल आहे का ते विचारलं.